माईक तुमच्या हातात आला तर...

पार्किंगमध्ये मांडव, समोर बाप्पा, साडेसातची आरती साडेआठला सुरू होण्याच्या बेतात. दरवर्षी आरती म्हणणाऱ्या बी विंगच्या काकांचा घसा बसलाय. सगळे इकडे तिकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, "अरे, कॉलेजची पोरं आहेत ना, म्हणा की!" कोथरूड असो की हडपसर, पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये हा प्रसंग कुणावरही येऊ शकतो. माझ्यावर आला होता. मी दुसऱ्या कडव्यावरून थेट पहिल्यात उडी मारली आणि साठ-सत्तर माणसं माझ्या मागोमाग आली. ती आरती संपता संपेना!

'सुखकर्ता दुखहर्ता' आपल्याला पाठ असते म्हणजे काय असतं, तर गर्दीत असताना पाठ असते. शेजारचा म्हणतो, त्यावर आपण तरंगतो. पुढे उभं राहिलं की तरंगायला कुणी नसतं. म्हणून आधी अर्थ बघू. अर्थ कळला की क्रम आपोआप लक्षात राहतो.

आरती समर्थ रामदासांची. शेवटच्या कडव्यात 'दास रामाचा' अशी त्यांची नाममुद्रा आहे. मोरगावच्या मयूरेश्वराच्या दर्शनानंतर ती सुचली, असं परंपरेने सांगितलं जातं. कडवी तीन आणि प्रत्येकानंतर 'जय देव'चं ध्रुवपद. ध्रुवपदाचा अर्थ सोपा आहे: तुला नुसतं पाहिलं तरी मनातल्या इच्छा पुऱ्या होतात.

खरी गंमत पहिल्या कडव्यात आहे. पहिली ओळ विघ्नापाशी संपते, आपण दम घेतो, टाळी देतो आणि पुढच्या ओळीला लागतो. पण वाक्य तिथे संपलेलंच नसतं. त्याचं क्रियापद दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला आहे: 'नुरवी'. न उरवी, म्हणजे उरू देत नाही. काय उरू देत नाही? विघ्नाची वार्ता. संकट तर सोडाच, संकटाची बातमीसुद्धा शिल्लक ठेवत नाही. कोण? त्याची कृपा. आणि तीच कृपा प्रेम पुरवते. आपण मात्र 'नुरवी' आणि 'पुरवी' हे जोडशब्द असल्यासारखे एका दमात म्हणून टाकतो आणि दोन उलट अर्थांच्या क्रियापदांचा लाडू वळतो. चाल बदलायची गरज नाही. पहिल्या ओळीनंतरचा दम छोटा घ्या आणि 'नुरवी'नंतर किंचित थांबा, बास.

यानंतर मूर्तीचं वर्णन सुरू होतं. अंगभर शेंदूर, गळ्यात मोत्यांची माळ. दुसरं कडवं म्हणजे निव्वळ दागिने: रत्नांचा फरा, म्हणजे डोक्यावरचा अलंकार, मग चंदन-कुंकू-केशर, हिऱ्यांचा मुकुट आणि शेवटी पायातली रुणझुणणारी नूपुरं. माझी गाडी इथेच घसरली होती. 'उटी' हा शब्द दोन्ही कडव्यांत येतो, पहिल्यात शेंदराची आणि दुसऱ्यात चंदनाची. 'उटी' म्हटल्यावर जीभ सवयीने शेंदराकडे वळते आणि आपण मागच्या कडव्यात पोहोचतो. हे टाळायला एकच खूण पुरते. पहिलं कडवं गळ्यापाशी संपतं, दुसरं पायापाशी. माळ की नूपुरं, एवढं डोक्यात ठेवा.

तिसऱ्या कडव्यात मोठं पोट, पीतांबर, सोंड आणि तीन डोळे येतात आणि मग पहिल्यांदाच मागणं येतं. तोवर भक्ताने स्वतःसाठी काहीही मागितलेलं नसतं. रामाचा दास घरी तुझी वाट पाहतोय, संकटात धावून ये, अगदी शेवटच्या घटकेला सांभाळ. 'निर्वाणी' म्हणजे तीच शेवटची घटका.

आता चुकांबद्दल. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये त्या हमखास असतात. 'उटी'ची 'ओटी' होते. उटी म्हणजे अंगाला लावायचा लेप, ओटी खणा-नारळाने भरतात. 'फणिवरबंधना'चं 'फळीवर वंदना' होतं, आणि कित्येकांनी लहानपणी फळीवर बसलेला गणपतीच डोळ्यासमोर आणलेला असतो. फणिवर म्हणजे नाग, पोटाला नाग बांधलेला तो फणिवरबंधन. 'सदना' म्हणजे घरी, त्याचं 'सजना' केलं की समर्थांची आरती थेट हिंदी सिनेमात जाते. आणि 'संकटी'ची 'संकष्टी' होते. बाप्पाने फक्त चतुर्थीला पावावं, एवढंच आपलं मागणं नाही ना?

ही चूक समोरच्या आजी करत असतील तर आरती थांबवून दुरुस्त करायला जाऊ नका. पुढे उभा असलेला माणूस योग्य शब्द स्पष्ट म्हणाला की पाच-सहा दिवसांत निम्मी गर्दी आपसूक सुधारते. चार ओळी मोठ्या अक्षरात छापून मांडवाच्या खांबाला लावल्या तर उत्तम. सोसायटीत ज्यांची मातृभाषा मराठी नाही, ती मंडळी खूश होतात. एरवी बिचारी 'जय देव' येईपर्यंत नुसत्या टाळ्या वाजवत असतात.

सुरुवात करताना सगळ्यात मोठा धोका पट्टीचा. घाबरलेला माणूस आवाज चढवून सुरू करतो आणि ध्रुवपदाला पोहोचेपर्यंत लहान मुलं सोडून सगळे गप्प होतात. म्हणून चालीतली सर्वांत वरची जागा आधी मनात गुणगुणून बघा. तिथे सहज पोहोचता आलं तर त्याच पट्टीत सुरू करा. आजूबाजूचे काका-काकू खालच्या सुरात पुटपुटायला लागले, तर समजा पट्टी चढलीय. दुसऱ्या कडव्याला बिनधास्त खाली या.

दुसरा धोका वेगाचा. झांजा लहान मुलांच्या हातात असतात आणि मुलांना प्रसाद दिसत असतो. त्यात पार्किंगचं छत ठेंगणं, आवाज घुमतो. मागच्यांना तुमच्या आवाजाऐवजी घुमलेल्या झांजाच ऐकू येतात. झांजांची एकच जोडी ठेवा आणि ती वाजवणाऱ्याला तुमच्या शेजारी उभं करा. तो तुमच्या टाळीकडे बघून वाजवेल. लोकांना रांगेत उभं करण्यापेक्षा अर्धगोल करा, म्हणजे सगळ्यांना तुमचे हात दिसतात. बाकीचे टाळ्या देतातच.

ध्रुवपद संपतं तिथे लोक क्षणभर अडखळतात, पुढचं कडवं कुठलं म्हणून. तेव्हा पुढच्या कडव्याचा पहिला शब्द तुम्ही एकट्याने, जरा मोठ्याने उचलायचा. नेतृत्व म्हणतात ते एवढंच. आणि शेवटच्या ओळीआधी पोटभर श्वास घ्या. ती ओळ बाकीच्यांपेक्षा बरीच लांब आहे. अर्ध्यावर दम संपला की सगळी गर्दी विस्कटते.

यानंतर शंकराची, देवीची, विठ्ठलाची, अशा किती आरत्या म्हणायच्या ते आधीच ठरवून घ्या. नाहीतर प्रत्येक विंगची एकेक आवडती आरती निघते आणि कापूर मध्येच विझतो. कापूर शेवटच्या आरतीला लावलेला बरा. मंत्रपुष्पांजली मात्र पाठ नसेल तर हट्टाने म्हणायला जाऊ नका. त्यासाठी माईक घसा बसलेल्या काकांकडेच द्या. तेवढ्यापुरता त्यांचा आवाज नक्की सुटतो.