एकतीस मेला द्यायची पुस्तकं

महाराष्ट्रात ३१ मे हा सेवानिवृत्तीचा हंगाम असतो. जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनीच १ जून अशी टाकलेली. नियम असा, की पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे एकाच दुपारी निम्म्या कचेऱ्यांत शाल, श्रीफळ आणि बटाटेवडे. आमच्या कचेरीतल्या थोरल्या बाईही त्यातल्याच. वर्गणी गोळा झाली आणि भेट आणायचं काम माझ्याकडे आलं. घड्याळ नको, चांदीचा गणपती नको, पुस्तकं आणा, एवढं बाईंनीच सुचवून ठेवलं होतं. आवडी दोन, बाग आणि प्रवासवर्णनं. काम सोपं वाटलं होतं.

बागेचं पुस्तक निवडताना मी पहिल्यांदा चुकलो. दुकानात मोठ्या आकाराचं, गुळगुळीत कागदाचं, पानापानावर रंगीत फोटो असलेलं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. भेट म्हणून ते रुबाबदार दिसलं असतं. पण चाळू लागलो, तर लावणीचा सगळा हिशेब शेवटचं हिमतुषार पडून गेल्यानंतरचा. दक्षिणेकडच्या भिंतीपाशी मिळणारं ऊन म्हणजे तिकडे केवढी चैन. बाईंची गॅलरी तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेला तोंड करून. एप्रिलात दुपारी तीनला तिथली कुंडी हात लावला तर चटका देते. त्या पुस्तकातलं ‘भरपूर ऊन’ बाईंनी शब्दशः घेतलं असतं, तर फर्न आठवड्यात करपले असते. विलायतेत उन्हाळा हा झाडांच्या वाढीचा काळ, आपल्याकडे मे महिना जीव धरून राहण्याचा आणि वाढ खरी पावसाबरोबरची. म्हणून तिकडचं वेळापत्रक इकडे चालत नाही.

मग मी बागेचं कुठलंही पुस्तक हातात घेतलं की तीन गोष्टी शोधू लागलो. गुलाबाची छाटणी कधी सांगितली आहे? आपल्याकडे ती पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला करतात, तेव्हा पुस्तकात ‘वसंताच्या सुरुवातीला’ असं असेल तर लेखक दुसऱ्या हवेतला. पिठ्या ढेकणाबद्दल काही आहे का? जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो, तोच. जास्वंद लावणाऱ्या घरात तो येतोच आणि त्यावर एक ओळही नसेल तर ते पुस्तक आपल्या गॅलरीतून आलेलं नाही. तिसरी गोष्ट वजनाची. ओली माती लिटरला दीड किलोच्या आसपास भरते. पंधरा लिटरची कुंडी पाणी घातल्यावर वीस किलोच्या पुढे जाते, अशा तीस कुंड्या म्हणजे सहाशे किलोंच्या वर. मातीत पालापाचोळा, नारळाचा भुसा किती घालावा हे जो लेखक सांगतो, त्याने स्वतः कधीतरी कुंडी उचललेली असते. या तिन्ही कसोट्यांना उतरलेलं पुस्तक शेवटी एक साधं, पातळ, मराठी निघालं, किमतीनेही माझ्या वर्गणीच्या पाव भागाचं. ते घेतलं. चिखलाच्या हातांनी उघडायचं पुस्तक स्वस्त असलेलंच बरं.

पण कसं करावं हे सांगणारं एवढं एकच पुस्तक द्यावं. तीस वर्षं कुंड्या सांभाळणाऱ्या बाईला धड्यांचा गठ्ठा देणं थोडं अपमानाचंच. तिला सोबतीचं पुस्तक हवं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) अशा वेळी हाताशी येतं. मराठी बारा महिन्यांचे लेख, आणि झाड, फूल, पाखरू, आभाळ त्या त्या महिन्यात कसं बदलतं याची बारीक नोंद. छाटणी कशी करावी हे त्यात नाही, पण एक महिना, एक लेख असं वर्षभर पुरतं. इंग्रजी वाचणारा माणूस असेल तर चेक लेखक कारेल चापेक याचं १९२९चं ‘द गार्डनर्स इयर’ही असंच महिन्यांनी बांधलेलं आहे. चित्रं त्याच्या भावाची, योसेफची. बागवेड्या माणसाची त्यात मनसोक्त थट्टा आहे. मात्र ते प्रागच्या बर्फातलं आहे, तेव्हा हसायला वाचावं, बघून खुरपं हातात घेऊ नये.

प्रवासवर्णनांत अडचण वेगळी. पुलंचं ‘अपूर्वाई’ द्यायचं तर वाचणाऱ्या घरात त्याची एखादी प्रत असतेच आणि बहुधा तीही कुणाच्या तरी निरोप समारंभातली. बाई पुस्तकं वाचनालयातून आणायच्या. मी त्यांच्या मुलीला गाठून विचारलं, की आईने कुठलं पुस्तक पुन्हापुन्हा आणलं? उत्तर आलं, विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’. वाचलेलं पुस्तक कशाला द्यायचं, असं कचेरीत एकाने म्हटलंच. मला वाटतं, वाचनालयाला जड मनाने परत केलेल्या पुस्तकाइतकी नेमकी भेट दुसरी नाही.

इथे आवृत्ती बघावी लागते. गोडसे पेणजवळच्या वरसईचे. घरावर कर्ज होतं, बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार अशी वार्ता आली, म्हणून दक्षिणेच्या आशेने ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले आणि थेट १८५७च्या बंडात सापडले. झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून पाहिला. हे सगळं त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी लिहिलं. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली छापलं, पण भाषेवर हात फिरवून, मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढलेली प्रत वेगळी. नाव एकच, म्हणून दुकानदार हातात येईल ती देतो. ओळखायचं प्रस्तावनेवरून: पाठ कुठल्या हस्तलिखितावरून घेतला, हे तिथे सांगितलेलं असतं. नव्या वाचकाला सुधारलेली प्रत सोपी जाते. बाई पुन्हापुन्हा वाचणाऱ्या, त्यांना मूळ गोडसेभटजीच हवे होते. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन खेपा घातल्यावर ते मिळाले.

चौथं मीना प्रभूंचं ‘दक्षिणरंग’, दक्षिण अमेरिकेचं. बाईंनी तो खंड पाहिला नव्हता, पुढेही जाणार नव्हत्या. अशा माणसाला एवढा ऐसपैस, खाण्यापिण्यासकट सांगणारा लेखक लागतो.

घरी आणून पानं मोजली. हे मी हल्ली न चुकता करतो. एकदा एका गुरुजींना दिलेल्या पुस्तकात ९६नंतर एकदम ११३ आलं होतं. सोळा पानांचा एक अख्खा फर्माच बांधणीत राहिलेला आणि आम्ही पहिल्या पानावर बावीस सह्या केलेल्या. पुस्तक परत कसं करणार? तेव्हापासून सह्या वेगळ्या कार्डावर घेतो आणि बिल पुस्तकातच ठेवतो.

त्याचा उपयोग झाला. मृग लागला त्या आठवड्यात बाईंचा फोन आला. ‘दक्षिणरंग’ त्यांच्याकडे होतं, भाच्याने दिलेलं. बिल घेऊन त्या दुकानात गेल्या आणि बदली ‘गाथा इराणी’ घेऊन आल्या. पातळ पुस्तकाचं काय झालं, मी विचारलं. “अरे, ते गॅलरीतच राहिलं रात्री. भिजलं. आता पंख्याखाली वाळत घातलंय.”