एक दिवस आपला, चार तुमचे

न्हावा शेवा बंदरात कंटेनर उतरला की पहिले काही दिवस फुकट असतात. ते संपले की रोजचं भाडं चढू लागतं, ते डेमरेज. रिकामा कंटेनर वेळेत परत न केल्याचं भाडं वेगळं, त्याला डिटेन्शन म्हणतात. मेल लिहिण्याआधी बिलावर नेमकं कोणतं भाडं आहे आणि ते कोणी लावलंय, हे बघावं.

समजा, पुण्याच्या एका कारखान्याचे दोन कंटेनर 3 जूनला उतरले. 7 जूनपर्यंत मोफत, पुढे प्रत्येकी रोज 3,000 रुपये. कारखान्याने बिल ऑफ एंट्री 2 जूनलाच भरलं होतं. पण जहाज कंपनीने कस्टम्सला दिलेल्या मालयादीत, म्हणजे आयजीएममध्ये, एका कंटेनरच्या नंबरातला आकडा चुकला. दोन्ही कंटेनर एकाच बिलावर, त्यामुळे दोन्ही अडकले. 4 तारखेला चूक कळवली, दुरुस्ती 10 तारखेच्या संध्याकाळी झाली. 11 ला कस्टम्सची परवानगी मिळाली, पण कारखान्याचाच ट्रेलर आला नाही. माल सुटला 12 ला. पाच दिवसांचं डेमरेज झालं 30,000 रुपये.

पैसे आधी भरावेत, कारण भांडत बसलं तरी मीटर थांबत नाही. मात्र भरताना ‘हक्क राखून भरत आहोत’ असं लेखी कळवावं. मग मेल. ‘तुमच्या हलगर्जीपणामुळे’ अशी सुरुवात करण्याचा मोह होतो. पण मेल उघडणाऱ्या कारकुनाला सूट देण्याचा अधिकार नसतो. त्याला तो वरच्या साहेबाकडे पाठवायचा असतो, आणि शिव्या कोण पुढे पाठवणार?

विषयात बिल ऑफ लेडिंगचा आणि कंटेनरचा नंबर हवा. मग इतकंच:

‘महोदय, वरील दोन कंटेनरच्या आयजीएममधील चूक आम्ही 4 जूनला आपल्याला कळवली. दुरुस्ती 10 जूनला झाली. त्यामुळे 8 ते 11 जून या चार दिवसांचं डेमरेज, 24,000 रुपये, क्रेडिट नोटने परत मिळावं ही विनंती. 12 जूनचा उशीर आमचा आहे; त्या दिवसाचा दावा नाही. 4 जूनचा मेल, दुरुस्तीची नोंद, बिल व पावती जोडली आहे. 30 जूनपर्यंत कळवल्यास आभारी राहू.’

बाराव्या तारखेचं ते वाक्य गाळायचा सल्ला अनेक जण देतील. मी गाळणार नाही. गेटपासची तारीख कंपनीकडेही असते. सहा हजार लपवायला गेलो तर उरलेल्या चोवीस हजारांवरही शंका येते.

बंदरातली गर्दी किंवा वादळ हे कारण असेल तर असा दावा सहसा टिकत नाही. बिल ऑफ लेडिंगच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत उशिराची जबाबदारी बहुधा नाकारलेली असते. म्हणून मेलमध्ये ‘उशीर’ या शब्दापेक्षा ‘आयजीएममधील चूक’ हे शब्द आधी यावेत.