राष्ट्रीय उत्पन्न वाढलं, मग ट्रक का अडले?

2019-20 या आर्थिक वर्षात भारताचं स्थूल देशांतर्गत उत्पादन, म्हणजे जीडीपी, सुमारे चार टक्क्यांनी वाढलं. आदल्या वर्षीच्या साडेसहा टक्क्यांपेक्षा वेग कमी होता, पण वाढ होती. त्याच वर्षी मध्यम आणि अवजड व्यावसायिक वाहनांची देशांतर्गत विक्री सुमारे 3 लाख 91 हजारांवरून 2 लाख 24 हजारांवर आली. म्हणजे चाळीस टक्क्यांहून मोठी घसरण. टाळेबंदीला दोष द्यावा तर ती त्या आर्थिक वर्षाच्या अगदी शेवटच्या आठवड्यात लागली. देशाचं उत्पन्न वाढत असताना एक अख्खा उद्योग निम्म्यावर कसा येतो, हे एकदा नीट समजलं की व्यापारचक्र या प्रकरणातला बराचसा भाग समजतो.

एखाद्या वाहतूकदाराकडे 100 ट्रक आहेत असं धरू. ट्रक साधारण दहा वर्षं चालतो, म्हणून दरवर्षी दहा जुने काढून दहा नवे घ्यावे लागतात. माल दहा टक्क्यांनी वाढला तर वाढीसाठी आणखी दहा लागतात. एकूण मागणी वीस ट्रक. पुढच्या वर्षी मालाची वाढ दोन टक्क्यांवर आली, तर बदलीचे दहा आणि वाढीचे दोन असे बाराच. माल कमी झालेला नाही, उलट थोडा वाढलाच आहे. तरी ट्रकची मागणी वीसवरून बारावर, म्हणजे चाळीस टक्क्यांनी खाली. यंत्रं, वाहनं, कारखान्याच्या शेड अशा भांडवली वस्तूंची मागणी उत्पन्नाच्या पातळीवर नव्हे, तर उत्पन्न वाढण्याच्या वेगावर अवलंबून असते. पुस्तकात याला प्रवेग तत्त्व म्हणतात. परीक्षेत विद्यार्थी त्याचं सूत्र लिहितात, पण वेग मंदावणं हीच कोणासाठी तरी मंदी असते, हे त्या सूत्रातून सहसा जाणवत नाही.

आता त्यात 2018 मधल्या दोन गोष्टी मिळवा. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या एक्सलवर किती वजन चालेल याची मर्यादा वाढवली. नवा ट्रक जुन्यापेक्षा साधारण वीस टक्के जास्त माल नेतो असं धरलं, तर बदलीचे दहा नवे ट्रक बारांचं काम करतात. मालाची दोन टक्के वाढ तेवढ्यातच भागते आणि बाराऐवजी दहाच ट्रक पुरतात. त्यातच सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस समूहाने कर्जफेड चुकवली. बिगरबँक वित्तसंस्थांना पैसा मिळणं महाग आणि अवघड झालं. लहान वाहतूकदार ट्रक घेतो तो बहुतेकदा अशाच संस्थेच्या कर्जावर. कर्ज मिळेना आणि भाडं वाढेना म्हटल्यावर जुनाच ट्रक आणखी वर्षभर ओढायचा असं तो ठरवतो. बदलीच्या दहांपैकीही काही मग गळतात.

ट्रकचे कारखाने पुण्याजवळ किंवा जमशेदपूरला असोत, त्यांच्या आकड्यांचा धक्का कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या फाउंड्रींना बसतो. ब्रेक ड्रम, हब, इंजिनाचे भाग यांची कास्टिंग तिथे ओतली जातात. ट्रक कंपनी आपल्या पुरवठादारांना महिन्याचं शेड्यूल पाठवते. वरच्या आकड्यांतली घसरण फाउंड्रीला पहिल्यांदा दिसते ती या शेड्यूलमध्ये, जीडीपीचा आकडा जाहीर होण्याच्या कित्येक महिने आधी. शिवाय ती वाढीव दिसते. ट्रक विकले जात नसतील तर डीलरकडे गाड्या साचतात, आणि साठा कमी करायचा तर कंपनीला विक्रीपेक्षाही कमी उत्पादन करावं लागतं. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू व्हायचं होतं, त्यामुळे जुन्या बीएस-4 गाड्यांचा साठा त्याआधी संपवणं भागच होतं. डीलरची विक्री तीस टक्के पडली असेल, तर फाउंड्रीचं शेड्यूल त्याहूनही जास्त पडू शकतं. वाहन उद्योगाच्या संघटनेचा विक्रीचा आकडा म्हणजे कारखान्यातून डीलरकडे गेलेल्या गाड्या असतात. ग्राहकाने खरोखर किती घेतल्या हे कळायचं तर आरटीओतल्या नोंदणीचे आकडे बघावे लागतात. या दोन आकड्यांत दोन-तीन महिने अंतर वाढत राहिलं, तर साठा साचतोय आणि शेड्यूल कापलं जाणार, असं समजायचं.

शेड्यूल कापलं की फाउंड्रीच्या हिशेबात काय होतं, ते एका काल्पनिक उदाहरणातून पाहू. वर्षाची विक्री दहा कोटी रुपये. त्यातले साडेसहा कोटी चल खर्चाचे: स्क्रॅप, पिग आयर्न, मोल्डिंगची वाळू आणि रसायनं, भट्टीची वीज. उत्पादन घटलं की हा खर्च घटतो. पण 2 कोटी 70 लाख स्थिर आहेत: कायम कामगारांचे पगार, कर्जाचं व्याज, विजेचा ठरावीक आकार, देखभाल. उरले 80 लाख, तो नफा. आता विक्री वीस टक्क्यांनी पडून आठ कोटी झाली. चल खर्च पाच कोटी वीस लाख, स्थिर खर्च तेवढाच, आणि नफा दहा लाख. विक्री एक पंचमांशाने कमी, नफा सात अष्टमांशाने कमी! आणखी जेमतेम तीन टक्के विक्री पडली की तोटा सुरू. स्थिर खर्च जितका जाड, तितका हा घसरगुंडीचा उतार तीव्र. म्हणून मंदीत सगळ्यात आधी बुडतो तो बहुतेकदा तेजीच्या शिखरावर कर्ज काढून नवी भट्टी बसवलेला कारखानदार. जुन्या भट्टीवर कुरकुरत बसलेला त्याचा शेजारी तगून राहतो. हे उलटं वाटतं खरं, पण शिखरावर मागणी सगळ्यात चांगली दिसते आणि बँकाही तेव्हाच हसतमुखाने कर्ज देतात.

तळ आला तो 2020-21 मध्ये. त्या वर्षी जीडीपीच सुमारे सहा टक्क्यांनी घटला आणि अवजड वाहनांची विक्री 1 लाख 61 हजारांच्या आसपास आली. मग पुनरुज्जीवन सुरू झालं. फाउंड्रीने सुटकेचा श्वास सोडावा, तर दारात महागाई उभी होती.

टीव्हीवरची महागाई म्हणजे बहुतेकदा ग्राहक किंमत निर्देशांक. त्यात भाजी, धान्य, घरभाडं, शिक्षण यांचा भार मोठा. 2021-22 मध्ये ती सरासरी साडेपाच टक्के होती. घाऊक किंमत निर्देशांक मात्र त्याच वर्षी तेरा टक्क्यांनी वाढला. फाउंड्री भाजी विकत घेत नाही, लोखंड घेते. तिच्यासाठी दुसरा आकडा खरा. आपल्या उदाहरणात धातूचा कच्चा माल साडेचार कोटींचा आहे आणि तो तीस टक्क्यांनी महागला असं धरू. वर्षाला 1 कोटी 35 लाखांचा जास्तीचा खर्च. ट्रक कंपनी भाववाढ मान्य करते, नाही असं नाही, पण नवा दर साधारण एक तिमाही उशिरा लागू होतो. त्या एका तिमाहीत सुमारे 34 लाख रुपये फाउंड्रीच्या खिशातून जातात. वर्षाचा नफा 80 लाखांचा, हे विसरू नका.

दुसरा फटका हळू बसतो. दर वाढून मिळाल्यावर विक्री दहा कोटींवरून 11 कोटी 35 लाख झाली. टनेज तेवढंच. ग्राहक नव्वद दिवसांनी पैसे देतो, म्हणजे अडकलेली रक्कम अडीच कोटींवरून 2 कोटी 84 लाख होते. वाढलेले 34 लाख कुठून आणायचे? कॅश क्रेडिटमधून. त्याच सुमारास मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर नेला, त्यामुळे त्या उचलीचं व्याजही वाढलं. ताळेबंदात विक्री साडेतेरा टक्क्यांनी फुगलेली दिसते आणि मालक पेढे वाटतो, पण एक किलो लोखंडसुद्धा जास्त ओतलेलं नसतं. म्हणून महागाईच्या वर्षात रुपयांआधी टन मोजावेत.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न येतो. चालू किमतींना मोजलेलं उत्पन्न रुपयांत असतं. त्यातून भाववाढ वजा केली की खरी वाढ मिळते. पण कोणती भाववाढ वजा करायची? भारताच्या त्या वेळच्या मालिकेत या कामासाठी घाऊक किमतींवर बराच भर होता. 2023-24 मध्ये घाऊक निर्देशांक आदल्या वर्षीपेक्षा थोडा खालीच गेला, तर ग्राहक महागाई पाच टक्क्यांच्या वर होती. मे 2024 मधल्या तात्पुरत्या अंदाजानुसार चालू किमतींना वाढ 9.6 टक्के आणि खरी वाढ 8.2 टक्के होती. म्हणजे वजा झाली ती जेमतेम दीड टक्का. पुढे हे आकडे सुधारून वर गेले, पण मुद्दा तोच राहतो: वजा करायचा आकडा लहान झाला की खरी वाढ मोठी दिसते, आणि त्यावरून अर्थतज्ज्ञांत बराच वाद झाला. फाउंड्रीच्या मालकाला त्या वादात पडायची गरज नाही. त्याने इतकंच लक्षात ठेवावं की ग्राहक बिल भरतो ते चालू किमतींना, बँकेचा हप्ताही चालू किमतींनाच जातो. खऱ्या वाढीचा आकडा झगमगता असताना रुपयांतली विक्री मंदावलेली असू शकते.

भाव उतरले की आनंद होईल असंही नाही. स्क्रॅप स्वस्त झालं की ट्रक कंपनी दर कमी करून मागते, आणि गोदामात मात्र जुन्या महाग भावाचा माल पडलेला असतो. भाव चढताना याच साठ्याने कागदावर नफा दाखवलेला असतो. तो नफा खरा समजून लाभांश म्हणून काढून घेतला असेल, तर उतरत्या भावात तो परत करायची वेळ येते. साठा किती दिवसांचा ठेवायचा हा फाउंड्रीतला सगळ्यात कठीण निर्णय आहे, असं माझं मत. भट्टीचं तंत्र शिकवणारे पुष्कळ भेटतात, हे शिकवणारे कमी.

2023-24 पर्यंत भारताचा खरा जीडीपी 2018-19 च्या तुलनेत सुमारे पंचवीस टक्क्यांनी मोठा झाला होता. मध्यम आणि अवजड व्यावसायिक वाहनांची विक्री त्या वर्षी सुमारे 3 लाख 73 हजार होती. पाच वर्षांपूर्वीच्या शिखरापेक्षा कमीच.