चार मिनिटांचा नाच, पाचशे एमबीची फाइल

शाळेचं स्नेहसंमेलन आहे, मुलीचं कोळीनृत्य आहे आणि बाबांनी तिसऱ्या रांगेतून फोन उंच धरून ते सगळं टिपलं आहे. निवेदिकेने नाव पुकारलं तेव्हाच त्यांनी बटण दाबलं आणि पडदा पडल्यावर थांबवलं. एकूण चार मिनिटं झाली. आता हा व्हिडिओ सांगलीच्या आजीला हवा आहे, पुण्याच्या आत्यालाही हवा आहे. आजीला तो लगेच फोनवर बघायचा आहे, आत्याला तो मोठ्या टीव्हीवर लावून जपून ठेवायचा आहे. एकाच फाइलकडून दोघींच्या अपेक्षा वेगळ्या आहेत, त्यामुळे ती पाठवण्याची वाटही वेगळी हवी.

आधी ही फाइल किती मोठी असेल ते पाहू. बऱ्याच अँड्रॉइड फोनचा कॅमेरा नेहमीच्या १०८० पिक्सेलच्या सेटिंगवर दर सेकंदाला साधारण १७ मेगाबिट माहिती साठवतो. या वेगाला बिटरेट म्हणतात. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. १७ ला २४० ने गुणलं की ४०८० मेगाबिट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठाने भागायचं. उत्तर येतं ५१० एमबी. तोच नाच ४के सेटिंगवर घेतला असता तर फाइल याच्या दोन-तीन पट सहज झाली असती. फाइलचं वजन ठरतं ते दर सेकंदाची माहिती आणि एकूण सेकंद या दोनच गोष्टींवर. ते कमी करायचं तर यातली एखादी तरी गोष्ट कमी करावी लागते.

हा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा, म्हणजे गॅलरीतून निवडून पाठवला, तर ॲप यातली पहिली गोष्ट स्वतःच कमी करतं. चित्राची लांबी-रुंदी घटवतं आणि बिटरेट खूप खाली आणतं. अनेक वर्षं अशा व्हिडिओंना १६ एमबीची मर्यादा होती, आणि व्हिडिओ का बिघडतो हे त्या आकड्यावरून नीट कळतं. १६ एमबी म्हणजे १२८ मेगाबिट. ते २४० सेकंदांत वाटले तर प्रत्येक सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबिट मिळतो. मूळ रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला १७ होते. तेच १२८ मेगाबिट फक्त ४० सेकंदांत वाटले तर प्रत्येकाला तीनपेक्षा जास्त मिळतात, आणि फोनच्या पडद्यासाठी तेवढे पुरतात. आजही पाठवण्याआधी व्हिडिओवर दिसणारं HD चं चिन्ह दाबलं नाही, तर ॲप साधी, जास्त दाबलेली प्रत पाठवतं. २०२३ साली आलेल्या या सोयीने चित्र बरंच सुधारतं, पण तीही मूळ प्रत नव्हे. १०८० पिक्सेलचा व्हिडिओ त्यातही ७२० वर येतो.

स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ इतर व्हिडिओंपेक्षा जास्त खराब का दिसतात, याचंही कारण आहे. व्हिडिओत प्रत्येक क्षणाचं पूर्ण चित्र साठवलेलं नसतं. मधूनमधून एक पूर्ण चित्र असतं आणि त्यापुढे फक्त बदललेला भाग नोंदवलेला असतो. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाच्या चित्रणात ओठ आणि हात सोडले तर फारसं काही बदलत नाही, त्यामुळे ते थोड्या जागेत चांगलं मावतं. रंगमंचावर मात्र बारा मुली एकदम गिरक्या घेत असतात, लाल-निळे दिवे उघडझाप करत असतात आणि उंच धरलेला हातही हलत असतो. जवळजवळ प्रत्येक कोपरा क्षणाक्षणाला बदलतो. तेवढे बदल नोंदवायला जागा नसली की चेहऱ्यांच्या जागी चौकटी दिसू लागतात. कॅमेरा वाईट असल्याची तक्रार पुष्कळदा यातूनच निघते, आणि ती चुकीची असते. मूळ फाइल उघडून पाहिली की लगेच कळतं.

म्हणून आजीसाठी पहिलं काम कापण्याचं. फोनच्या गॅलरीत व्हिडिओ उघडून संपादनात गेलं की खाली चित्रांची एक पट्टी दिसते आणि तिच्या दोन्ही टोकांना धरायच्या कडा असतात. सुरुवातीची ३५ सेकंदं निवेदन आणि अंधार, शेवटची ४५ सेकंदं टाळ्या आणि पडदा. दोन्ही बाजू आत ओढल्या की २ मिनिटं ४० सेकंदांचा नाच उरतो आणि मूळ दर्जा तसाच ठेवून फाइल ५१० वरून ३४० एमबीवर येते. नात पुढच्या रांगेत येते तेवढी ४० सेकंदं काढली तर ८५ एमबी. आजीला मी ही ४० सेकंदांची क्लिपच पाठवेन. लहान क्लिप व्हॉट्सॲपला फार दाबावी लागत नाही आणि नातीचा चेहरा ओळखू येतो. व्हॉट्सॲपमध्येही पाठवण्याआधी अशीच पट्टी येते आणि टोकं ओढत गेलं की वेळ आणि एमबीचे आकडे बदलताना दिसतात. तरीही लांब व्हिडिओ आधी गॅलरीत कापावा. तिथे बारकाईने पाहता येतं आणि कापलेली प्रत वेगळी जतन करता येते. बदल मूळ फाइलवरच नोंदवायचा की नवी प्रत करायची असं फोनने विचारलं, तर नवी प्रत निवडावी.

कापताना एक सेकंद आधीपासून कापावं. वर सांगितलेली पूर्ण चित्रं ठरावीक अंतरानेच येतात, आणि काही ॲप्स जलद कापणी करताना जवळच्या पूर्ण चित्रापासूनच सुरुवात करू शकतात. मग गाण्याचा पहिला ठेका निसटतो, किंवा आवाज सुरू होतो पण चित्र क्षणभर गोठलेलं दिसतं. असं दिसलं तर सुरुवातीची कड थोडी मागे घेऊन पुन्हा कापायचं. कापायची ती कायम मूळ फाइल. व्हॉट्सॲपवरून परत आलेली प्रत एकदा दाबली गेलेली असते. ती पुन्हा कापून पाठवली की पुन्हा दाबली जाते आणि प्रत्येक फेरीत चित्र आणखी धूसर होतं.

आवाज बंद करण्याबद्दल एक समज फार पसरलेला आहे, की त्याने फाइल हलकी होते. होते, पण नावापुरती. आवाजाला सेकंदाला साधारण १२८ किलोबिट लागतात, म्हणजे मिनिटाला जवळपास एक एमबी. आपल्या ५१० एमबीच्या फाइलमधला सगळा आवाज काढून टाकला तरी ती पाचशेच्या वरच राहते. दुप्पट चांगला आवाज साठवणारा फोन असला तरी आठेक एमबीच वाचतील. व्हिडिओ जात नाही म्हणून आवाज काढणं हा उपाय नव्हे. त्यासाठी सेकंद कमी करावे लागतात.

आवाज काढायचा तो त्यात काय ऐकू येतं यासाठी. मायक्रोफोन रंगमंचाजवळ नसतो, तो तिसऱ्या रांगेत असतो. शेजारी बसलेल्या मावशीने कुणाच्या लग्नाबद्दल काढलेले उद्गार, मागे कुणीतरी फोनवर सांगितलेला पत्ता, हे गाण्यापेक्षा जास्त स्पष्ट नोंदवलं जातं. टिपणाऱ्याचं लक्ष नाचाकडे असतं, पण कुटुंबाच्या ग्रुपवर चाळीस जण ते ऐकतात. पाठवण्याआधी क्लिप एकदा हेडफोन लावून पूर्ण ऐकावी, हे मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं. नको ते बोलणं असेल तर व्हॉट्सॲपच्या त्या कापणीच्या पट्टीजवळच स्पीकरचं चिन्ह असतं. २०२१ साली आलेलं हे चिन्ह दाबलं की त्यावर काट मारलेली दिसते आणि समोरच्याला जाणारी प्रत मुकी होते. गॅलरीच्या संपादनातही बहुतेक फोनवर हेच चिन्ह असतं. स्वतःच्या फोनचा आवाज कमी करून व्हिडिओ पाहिला म्हणजे तो मुका झाला असं मात्र नाही. आवाज त्या फाइलमध्येच असतो आणि समोरच्याच्या फोनवर वाजतो.

उलट काही व्हिडिओ मुके केले की निरुपयोगी होतात. विहिरीवरच्या मोटरचा खडखडाट मेकॅनिकला दाखवायचा असेल तर चित्रापेक्षा आवाजच महत्त्वाचा असतो. नाचाचंही तसंच आहे. ताल ऐकू आला नाही तर पावलं चुकली की जमली हे आजीला कसं कळणार? बोलणं फक्त पहिल्या दहा सेकंदांत असेल, तर आवाज बंद करण्याऐवजी ती दहा सेकंदंच कापावीत.

आत्याची गोष्ट वेगळी. टीव्हीवर लावण्यासाठी तिला मूळ दर्जाच हवा. व्हॉट्सॲपवर पिनचं चिन्ह दाबून Document निवडलं आणि तिथून व्हिडिओ जोडला, तर ॲप त्याला हात लावत नाही. २०२२ पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते. आपली ३४० एमबीची कापलेली प्रत त्यात आरामात बसते. दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. पहिली, वेळ. घरचं नेट वर पाठवताना सेकंदाला पाच मेगाबिटने चालत असेल तर ३४० एमबीला नऊ मिनिटं लागतात, आणि आत्यालाही तेवढाच डेटा खर्चावा लागतो. रोज दीड जीबी मिळणाऱ्या प्लॅनमधला जवळपास पाव भाग. दुसरी गोष्ट अशी की डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये चित्रीकरणाची तारीख असते, आणि कॅमेऱ्यात लोकेशनची सोय सुरू असेल तर जागाही असते. आत्याला ते कळलं तर बिघडत नाही. अनोळखी लोकांच्या ग्रुपवर मुलांचे व्हिडिओ अशा प्रकारे टाकू नयेत.

ईमेलने पाठवायचं झालं तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाइल जोडली की ती ड्राइव्हवर चढते आणि पत्रात फक्त लिंक जाते. ऑफिसच्या मेलमध्ये मर्यादेच्या आतली फाइलही परत येऊ शकते, कारण ईमेलमध्ये जोडलेली फाइल अक्षरांच्या रूपात बदलून जाते आणि त्यात तिचं वजन सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. २० एमबीची फाइल वाटेत २७ एमबीची होते. ड्राइव्हच्या लिंकमध्ये नेहमी एकच गोष्ट अडते. लिंक Restricted राहिली तर आत्याला व्हिडिओऐवजी परवानगी मागणारं पान दिसतं. तिच्या ईमेलच्या पत्त्याला परवानगी द्यावी. Anyone with the link निवडलं तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्या प्रत्येकाला व्हिडिओ दिसतो, म्हणून आत्याने तो उतरवून घेतल्यावर ती परवानगी काढून टाकावी.

आणि पुष्कळ जणांना पाठवायचं असेल तर क्लिप आधी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवावी. तिथे सुरुवात, शेवट, आवाज आणि चेहरे तपासावेत. सगळं ठीक असेल तर तीच प्रत पुढे फॉरवर्ड करायची. फॉरवर्ड करताना व्हिडिओ सहसा पुन्हा दाबला जात नाही आणि पुन्हा वर चढवावाही लागत नाही, त्यामुळे पहिल्या वेळी पाच मिनिटं लागलेली क्लिप बाकीच्या नातेवाइकांकडे काही सेकंदांत जाते.