फॉरवर्ड दर कुठून येतो?

द्राक्ष निर्यात करणारा एखादा व्यापारी बँकेला विचारतो, “वर्षभराने माझे डॉलर येतील, ते कोणत्या भावाने घ्याल?” आजचा भाव ८० रुपये आहे आणि बँक ८१ रुपये ५२ पैसे सांगते, असे समजू. रुपया घसरणार हे बँकेला कळले आहे, असा अर्थ बरेच लोक यातून काढतात. प्रत्यक्षात हा आकडा काढताना कोणी अंदाज बांधलेलाच नसतो. तो दोन देशांच्या व्याजदरांतून निघतो.

भारतात वर्षाचा व्याजदर ७ टक्के आणि अमेरिकेत ५ टक्के आहे, असे धरू. एक बँक १ लाख डॉलर उसने घेते. वर्षाअखेर तिला १ लाख ५ हजार डॉलर फेडायचे आहेत. ती हे डॉलर आजच विकून ८० लाख रुपये मिळवते आणि ते ७ टक्क्यांनी गुंतवते. वर्षाने तिच्याकडे ८५ लाख ६० हजार रुपये होतात. फेडायला लागणारे डॉलर कोणत्या भावाने घ्यायचे, हेही ती आजच करार करून ठरवते. हा करार म्हणजेच फॉरवर्ड. तो ८० रुपयांनी झाला, तर डॉलर ८४ लाखांत मिळतील आणि १ लाख ६० हजार रुपये विनाजोखीम खिशात पडतील.

असा नफा बाजारात फार काळ राहत नाही. सगळेच फॉरवर्ड डॉलर विकत घेऊ लागतात आणि भाव चढतो. ८५ लाख ६० हजारांना १ लाख ५ हजारांनी भागले की ८१ रुपये ५२ पैसे येतात. तिथे नफा संपतो आणि भाव स्थिरावतो. कोणी ८३ रुपये देऊ केले, तर रुपये उसने घेऊन, डॉलर विकत घेऊन, ते फॉरवर्डमध्ये विकणारे पुढे येतात आणि भाव खाली आणतात. या नियमाला जोखीममुक्त व्याजदर समता म्हणता येईल. जॉन मेनार्ड केन्स यांनी तो १९२३ मध्ये सविस्तर मांडला होता. ज्या देशाचा व्याजदर जास्त, त्याचे चलन फॉरवर्डमध्ये स्वस्त असते, आणि फरक साधारण व्याजदरांतल्या अंतराइतका असतो. या फरकाला बाजारात प्रीमियम म्हणतात.

हा प्रीमियम किती निर्णायक असतो, ते २०१३ मध्ये दिसले. ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांच्या वर गेला होता. रघुराम राजन यांनी ४ सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेची सूत्रे हाती घेतली आणि त्याच दिवशी एक योजना जाहीर केली. बँकांनी अनिवासी भारतीयांकडून किमान ३ वर्षांच्या परकी चलनातील ठेवी घ्याव्यात, ते डॉलर रिझर्व्ह बँकेला द्यावेत आणि मुदतीनंतर वर्षाला ३.५ टक्के प्रीमियमने परत घ्यावेत, अशी ती योजना होती. बाजारातला प्रीमियम तेव्हा याहून बराच जास्त होता. समजा, ठेवीदाराला ४ टक्के व्याज दिले, तर प्रीमियम धरून बँकेला रुपये साडेसात टक्क्यांना पडत. बाजारभावाने डॉलर परत घ्यायचे असते, तर हा सगळा लाभ प्रीमियमने खाल्ला असता. रिझर्व्ह बँकेने समतेचे गणित जाणूनबुजून बँकांच्या बाजूने झुकवले आणि नोव्हेंबरअखेर या ठेवींतून सुमारे २६ अब्ज डॉलर आले. विनिमय दराची जोखीम मात्र आता रिझर्व्ह बँकेच्या अंगावर होती. ठेवींची मुदत २०१६ मध्ये संपली आणि डॉलर परत करावे लागले.

ही समता कोणी सरकारी आदेशाने पाळत नाही. ती टिकवायला डॉलर सहज उसने मिळावे लागतात आणि पैसा सीमेपलीकडे मोकळेपणाने जावा लागतो. लेहमन ब्रदर्स बुडाल्यानंतर, २००८ मध्ये, युरोपातल्या बँकांनाही डॉलर मिळेनात. तेव्हा समोर दिसणारा नफा उचलायला कोणाकडे डॉलरच नव्हते आणि दरांतली तफावत तशीच राहिली. भारतात भांडवलाच्या ये-जा करण्यावर निर्बंध आहेत, शिवाय रिझर्व्ह बँक स्वतःही फॉरवर्ड बाजारात उतरते. त्यामुळे आपल्याकडचा प्रीमियम व्याजदरांतल्या फरकाहून कमी-जास्त होत असतो. प्रीमियम या फरकाहून बराच खाली गेला की रोख डॉलरची चणचण आहे का, हे आधी तपासावे. रुपयाचे भाकीत त्यानंतर.

तेव्हा डॉलरमधले कर्ज ५ टक्क्यांना मिळते म्हणून उद्योजकाने लगेच हुरळून जाऊ नये. त्या ५ टक्क्यांत फॉरवर्डचा प्रीमियम मिळवावा आणि मगच रुपयातल्या कर्जाशी तुलना करावी. बहुतेक वेळा दोन्ही आकडे जवळपास सारखे निघतात. प्रीमियम न भरता जी स्वस्ताई उरते, ती रुपया घसरला तर पूर्णपणे कर्जदाराच्याच माथी येते.