धूम्रपानाने आयुष्य वाढते?

दोन गोष्टी एकत्र आढळल्या की तो सहसंबंध. त्यांपैकी एकीमुळे दुसरी घडते असे दाखवता आले तरच त्याला कार्यकारणभाव म्हणता येते. या दोन्हींतला फरक समजावण्यासाठी सांख्यिकीच्या चर्चासत्रांत इंग्लंडमधील विकहॅम येथील आरोग्य सर्वेक्षणाचे उदाहरण फार उपयोगी पडते.

न्यूकॅसलजवळच्या या भागात 1972 ते 1974 या काळात थायरॉइड आणि हृदयविकार यांची पाहणी झाली. त्यात लोकांच्या धूम्रपानाचीही नोंद घेतली गेली. वीस वर्षांनी त्यांच्यापैकी कोण हयात आहे, हे तपासण्यात आले. पाहणीच्या वेळी धूम्रपान करणाऱ्या 582 स्त्रियांपैकी 139, म्हणजे 24 टक्के, मरण पावल्या होत्या. कधीच धूम्रपान न केलेल्या 732 स्त्रियांमध्ये मात्र 230, म्हणजे 31 टक्के, मृत्यू झाले होते. एवढेच आकडे पाहिले, तर सिगारेट आयुष्य वाढवते असाच निष्कर्ष निघेल.

खरी गोम वयात आहे. धूम्रपान न करणाऱ्यांपैकी 193 जणी पाहणीच्या वेळीच 65 किंवा त्याहून अधिक वयाच्या होत्या; धूम्रपान करणाऱ्यांत अशा फक्त 49. पुढच्या वीस वर्षांत वृद्धांचे मृत्यू अधिक होणार, हे उघडच आहे. म्हणजे वय हा तिसरा घटक धूम्रपानाशीही जोडलेला होता आणि मृत्यूशीही.

म्हणून समान वयाच्या स्त्रियांचीच आपसात तुलना करावी लागते. 55 ते 64 या गटात धूम्रपान करणाऱ्या 115 पैकी 51 जणी दगावल्या, तर न करणाऱ्या 121 पैकी 40. टक्केवारी अनुक्रमे 44 आणि 33. पस्तिशीपासून पंच्याहत्तरीपर्यंतच्या प्रत्येक गटात धूम्रपान करणाऱ्यांचेच मृत्यूचे प्रमाण जास्त निघते. दोन्ही समूहांची वयरचना सारखी धरून पुन्हा हिशेब केला, तर एकूण प्रमाण सुमारे 30 आणि 26 टक्के येते. पारडे पूर्ण फिरते. एकत्रित आकडे आणि गटवार आकडे असे उलटसुलट बोलू लागले की त्याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात.

तरीही वयाचा हिशेब जुळला म्हणून कारण सिद्ध झाले असे नाही. उत्पन्न, आहार, कामाचे स्वरूप यांचाही प्रभाव असू शकतो, आणि ज्याची नोंदच घेतलेली नाही तो घटक कोणत्याही गणिताने वगळता येत नाही. धूम्रपानाचा घातकपणा या एका सर्वेक्षणाने ठरलेला नाही. निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत तोच निष्कर्ष निघाला, सिगारेटी जितक्या जास्त तितका धोका जास्त दिसला, सवय सोडल्यावर तो कमी झाला आणि धुरातील कर्करोगकारक रसायनेही सापडली. तेव्हा तो ठरला.

त्यामुळे सर्वेक्षणाची बातमी वाचताना आधी विचारावे: तुलना झालेले दोन गट इतर बाबतींत सारखे होते का?