घोट्यावरची खळी

सुजलेल्या घोट्यावर अंगठा पाच-दहा सेकंद दाबून धरला आणि उचलला, की तिथे खळी उरते आणि सावकाश भरत जाते. अंगठ्याने बाजूला सारलेलं ते पाणी रक्तातूनच आलेलं असतं. 'बीपी वाढलंय, म्हणून पाय सुजले,' असं आपण सहज बोलून जातो, पण हे कारण बहुतेक वेळा चुकीचं असतं. का, ते कळायला 1896 सालच्या लंडनमध्ये जावं लागतं. गायज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयात तिशीतल्या अर्नेस्ट स्टार्लिंगने कुत्र्याच्या एका मागच्या पायात मिठाचं पाणी टोचून तो फुगवला, दुसरा तसाच ठेवला आणि दोन्हींमधून तेच ते रक्त पुन्हापुन्हा फिरवलं. फुगलेल्या पायातून फिरलेलं रक्त पातळ झालं, दुसऱ्यातलं झालं नाही. म्हणजे पायातलं पाणी रक्ताने ओढून घेतलं होतं. ही ओढ रक्तातल्या प्रथिनांची आहे, हा त्याचा निष्कर्ष. केशिकेच्या भिंतीतून पाणी आणि मीठ सहज जातात, मोठी प्रथिनं मात्र बहुतांशी आतच अडकतात आणि पाण्याला धरून ठेवतात.

म्हणजे केशिकेत रस्सीखेच चालू असते. आतला दाब पाणी बाहेर ढकलतो, प्रथिनांची साधारण 25 मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ ते आत राखते. आता खरा मुद्दा असा, की केशिकेतला दाब ठरवण्यात धमनीपेक्षा शिरेचा हात मोठा असतो. केशिकेच्या आधी सूक्ष्म धमन्यांचा अरुंद अडथळा आहे, नंतरचा शिरांकडचा रस्ता मात्र मोकळा. आधीचा अडथळा नंतरच्यापेक्षा चौपट धरू. धमनीतला दाब 20 ने वाढला, तर केशिकेपर्यंत त्यातले जेमतेम 4 पोचतात, आणि सूक्ष्म धमन्या आणखी आवळल्या तर तेवढेही नाहीत. तेच 20 शिरेत वाढले, तर 16 थेट केशिकेत उतरतात. नळ जोरात सोडला तरी मोरी तुंबत नाही. तुंबते ती पुढची वाट अडली तर. हृदयाची उजवी बाजू थकली, पायाच्या शिरेत गुठळी अडकली किंवा शिरांच्या झडपा निकामी झाल्या, की नेमकं हेच घडतं.

यावर रास्त आक्षेप असा, की ताठ उभं राहिल्यावर हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताच्या स्तंभामुळे पावलाच्या शिरेत सुमारे 90 मिलिमीटर दाब असतो; मग सगळ्यांचेच पाय संध्याकाळपर्यंत का सुजत नाहीत? तर आपण पुतळ्यासारखे उभे राहत नाही. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, झडपा रक्त परत उतरू देत नाहीत आणि तो दाब 30 च्या आसपास किंवा खाली येतो. उभं राहताच पायातल्या सूक्ष्म धमन्याही आवळतात. तरी जे पाणी झिरपतं ते लसिकावाहिन्या उपसतात, शिवाय बाहेरची प्रथिनं त्या पाण्यात पातळ झाल्याने त्यांची बाहेरची ओढ कमी होते. हे सगळे राखीव उपाय पुरे पडेनासे झाले, की सूज दिसते. विमानात तासन्‌तास पाय लोंबकळत बसलेल्याचा बूट घट्ट होतो तो पोटरीचा पंप बंद पडल्यामुळे.

फुप्फुसात हाच हिशेब जास्त निर्दय आहे. तिथल्या केशिकांत एरवी दाब 10 च्या आसपास, म्हणून ती जागा कोरडी राहते. डावं हृदय थकलं की रक्त डाव्या कर्णिकेत तुंबतं, आणि फुप्फुसाच्या शिरांना झडपा नसल्याने तो दाब थेट मागे सरकतो. 1959 साली गायटन आणि लिंडसे यांनी कुत्र्यांमध्ये कर्णिकेतला दाब पायरीपायरीने चढवून पाहिला. साधारण 24-25 च्या पुढे फुप्फुसात पाणी साचू लागलं. रक्तातली प्रथिनं आधी घटवली, तेव्हा 11 च्या आसपासच. तरी हा आकडा माणसाला जसाच्या तसा लावू नये. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप वर्षानुवर्षं हळूहळू आकसत गेली असेल, तर लसिकावाहिन्या रुंदावतात आणि रुग्ण 25 च्या वरही तग धरतो. दाब अचानक चढला तर मात्र तासाभरातही श्वास कोंडतो. रात्री आडवं झाल्यावर पायातलं पाणी रक्तात परततं, फुप्फुसांकडे जादा रक्त जातं आणि रुग्ण दचकून उठून पाय खाली सोडून बसतो. त्याला उपाय आपोआपच सापडलेला असतो: पायांत रक्त उतरतं, छातीवरचा भार हलका होतो.

स्टार्लिंगचं सगळंच टिकलं असं नाही. केशिकेच्या सुरुवातीला पाणी बाहेर, शेवटाला परत आत, हे पाठ्यपुस्तकांतलं चित्र लेव्हिक आणि मिशेल या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 2010 साली मोडीत काढलं. प्रथिनांची ओढ केशिकेच्या आतल्या पातळ शर्करामय अस्तराशी लागू होते, आणि बहुतेक अवयवांत पाणी एकसारखं बाहेरच झिरपत राहतं. परत येतं ते मुख्यतः लसिकेतून. कुत्र्याच्या पायात दिसलेलं शोषण खरं होतं, पण तात्पुरतं. म्हणून शिरेचा मुद्दा बाद होतो का? उलट तो पक्का होतो: परतीची वाट मुख्यतः लसिकेचीच असेल, तर केशिकेतला प्रत्येक जादा मिलिमीटर तिच्यावरच पडतो.

ब्रिटनमध्ये पंचावन्नच्या वरच्या अनेकांना बीपीसाठी पहिली गोळी मिळते ती ॲम्लोडिपिन, आणि काहींचे घोटे तिनेच सुजतात. बीपी उतरलेलं, पाय मात्र फुगलेले. गोळीने केशिकेआधीचा अडथळा सैल केला, शिरांकडचा तसाच राहिला, म्हणून धमनीतला दाब आता आत पोचतो. शरीरात पाणी जास्त झालेलंच नसतं, म्हणून लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हलत नाही. जोडीला रामिप्रिलसारखी गोळी दिली तर सूज बऱ्याचदा कमी होते, कारण ही गोळी शिरांकडची बाजूही थोडी सैल करते.